विश्लेषण : बाटलीचे प्लास्टिक पुन्हा ‘लांब’ होते, पिशवीचे का नाही?

घरातल्या कचऱ्यात रोज दोन प्लास्टिके शेजारी पडतात. एक पाण्याची पारदर्शक बाटली, दुसरी दुधाची पिशवी. बाटली पेट म्हणजे पॉलिएस्टरची, पिशवी पॉलिइथिलीनची. दोन्ही लांबच लांब रेण्वीय साखळ्यांनी बनलेली आहेत. वापरात आणि पुनर्प्रक्रियेत या साखळ्या तुटतात. पेटच्या तुटलेल्या साखळ्या कारखान्यात पुन्हा जोडता येतात आणि जुन्या बाटलीची नवी बाटली होऊ शकते. पिशवीच्या साखळ्यांना मात्र अशी दुरुस्ती नाही. या फरकाचे मूळ दोन्ही साखळ्या मुळात कशा वाढल्या, यात आहे.

साखळीच्या लांबीला एवढे महत्त्व का?

साखळीतली एक कडी म्हणजे मोनोमरचा एक रेणू. पेटमधली एक कडी 192 रेणुभाराची असते. बाटलीच्या पेटमधली सरासरी साखळी साधारण सव्वाशे कड्यांची धरली, तर तिचा रेणुभार 24 हजारांच्या आसपास जातो. याच पेटमध्ये साखळ्या तीसेक कड्यांच्याच असतील, तर रसायन तेच, वितळण्याचे तापमानही जवळपास तेच. पण वस्तू हातात चुरा होईल इतकी ठिसूळ. लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि ताण आला की तो वाटून घेतात. आखूड साखळ्या नुसत्या सरकतात.

कारखान्यातल्या कोणत्याही पॉलिमरमध्ये सगळ्या साखळ्या सारख्या लांबीच्या नसतात. काही दहा कड्यांच्या, काही पाचशे. त्यामुळे सरासरी किती, याबरोबरच लांबीचा पसारा किती, हाही प्रश्न असतो. यालाच रेणुभाराचे वितरण म्हणतात.

पेटच्या साखळ्या वाढतात कशा?

शाळेच्या मैदानावर हजार मुले उभी आहेत, अशी कल्पना करा. शिट्टी वाजली की कोणीही कोणाचाही हात धरायचा. दोघे जोडले गेले की त्या जोडीची दोन्ही टोके मोकळीच असतात. ती जोडी तिसऱ्याला धरू शकते, दुसऱ्या जोडीला धरू शकते, दहा जणांच्या रांगेलाही. याला स्टेप-ग्रोथ म्हणजे टप्प्याटप्प्याने होणारी वाढ म्हणतात. पेट, नायलॉन 66 आणि पॉलियुरेथेन असेच वाढतात.

आता मोजू. प्रत्येक वेळी हात धरला की मैदानावरचा एक गट कमी होतो. 500 वेळा हात धरले गेले, म्हणजे एकूण हातांपैकी निम्मे गुंतले. गट उरले 500, म्हणजे सरासरी लांबी फक्त दोन! शंभरातले 90 हात गुंतले तर सरासरी दहा. 99 गुंतले तर शंभर. सव्वाशेची सरासरी हवी असेल तर 99.2 टक्के हात गुंतावे लागतात. अर्धे काम झाले तेव्हा पॉलिमर म्हणावे असे काहीच नसते, 90 टक्क्यांनाही नसते. सगळी लांबी शेवटच्या एक-दोन टक्क्यांत येते. विद्यार्थ्याने 98 टक्के मिळवले तर घरी पेढे वाटतात. पेटच्या रिअ‍ॅक्टरमध्ये, 98 टक्के म्हणजे नापास, कारण तिथे साखळी जेमतेम 50 कड्यांची असते.

कारखान्यात हे कसे दिसते? टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर एकत्र तापवले की पाणी बाहेर पडते आणि छोटे रेणू तयार होतात. हा भाग सोपा. पुढे 270 ते 290 अंशांवर, अँटिमनीच्या संयुगाच्या मदतीने, हे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि प्रत्येक जोडणीला ग्लायकॉलचा एक रेणू सुटतो. हा सुटलेला रेणू तिथेच राहिला तर उलट फिरून जोड तोडतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात हवेच्या दाबाच्या हजाराव्या हिश्शाइतकी निर्वात स्थिती ठेवून ग्लायकॉल ओढून काढावे लागते. तोवर द्रव मधापेक्षाही कितीतरी घट्ट झालेला असतो आणि त्यातून तो बाहेर निघता निघत नाही. पेटच्या कारखान्यातली महागडी यंत्रे या शेवटच्या टक्क्यासाठीच असतात.

हे आधी कोणाच्या लक्षात आले?

अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स 1920 च्या दशकाच्या अखेरीस पॉलिएस्टर बनवत होते. रेणुभार पाच-सहा हजारांच्या पुढे सरकेना. अडचण हीच होती : सुटलेले पाणी पुरते बाहेर जात नव्हते. मग ‘मॉलिक्युलर स्टिल’ नावाचे उपकरण वापरून खोल निर्वातात पाणी ओढून काढण्यात आले आणि रेणुभार 10 हजारांच्या वर गेला. 1930 मध्ये त्यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी त्या वितळलेल्या पदार्थात काचेची कांडी बुडवून वर ओढली, तर धागा निघाला; थंड झाल्यावर ताणला तर तो आणखी मजबूत झाला. रसायन तेच होते. शेवटचे थोडे पाणी तेवढे गेले होते.

मग लांबीचा पसारा किती असतो?

कॅरोथर्स यांच्या गटात 1934 मध्ये पॉल फ्लोरी दाखल झाले. मोठा रेणू आळशी असतो, त्याचे टोक सावकाश जोडले जाते, असा त्या वेळी समज होता. फ्लोरींनी उलट मानले : टोकाला आपल्या मागे किती लांब शेपटी आहे, याने फरक पडत नाही. दोन मुलांच्या रांगेतला शेवटचा हात आणि दोनशेच्या रांगेतला शेवटचा हात सारखाच उपलब्ध. हे मान्य केले की पुढचे गणित निव्वळ शक्यतेचे उरते, आणि 1936 मध्ये त्यांनी ते मांडले.

मैदानावर परत जाऊ. निम्मे हात गुंतले तेव्हा 500 गटांपैकी 250 ‘गट’ म्हणजे एकटीच उभी असलेली मुले असतात. जोड्या 125, तिघांचे गट 62 च्या आसपास, असे ते कमी होत जातात. गंमत म्हणजे 99 टक्के हात गुंतल्यावरही, गट मोजले तर एकट्यांची संख्या इतर कोणत्याही एका लांबीच्या गटांपेक्षा जास्तच असते. पण त्या सगळ्या एकट्यांचे मिळून वजन नगण्य असते.

इथे सरासरी काढायच्या दोन पद्धती समोर येतात. गटांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचलली, तर सरासरी लांबी शंभर. मुलांच्या चिठ्ठ्या टाकून एक मूल उचलले आणि ‘तुझ्या रांगेत किती जण’ विचारले, तर सरासरी उत्तर 199 येते, कारण लांब रांगेत मुलेच जास्त असतात. पहिली संख्या-सरासरी, दुसरी वजन-सरासरी. दोहोंचे गुणोत्तर म्हणजे पसाऱ्याचे माप. सगळ्या साखळ्या समान असतील तर ते एक. स्टेप-ग्रोथमध्ये काम पूर्णत्वाकडे जाते तसे ते दोनला टेकते.

मैदानावर काही मुले रिंगण करून मोकळी होतात, हे या गणितात धरलेले नाही. पेटमध्येही तसे होते. तीन कड्यांची छोटी वलये तयार होतात आणि पॉलिएस्टर कापड रंगवताना यंत्रात पांढरी भुकटी साचते, ती बहुधा त्यांचीच असते.

पिशवीच्या साखळ्या वेगळ्या कशा?

मैदान तेच, नियम वेगळा. शिट्टी वाजली तरी सगळे जागेवर उभे राहणार. फक्त एका मुलाला ‘डाव’ दिला जातो. तो पळत सुटतो आणि वाटेत येणाऱ्या एकेकाला रांगेत ओढतो. डाव नेहमी नव्याने जोडलेल्या शेवटच्या मुलाकडे जातो. सेकंदाच्या आत रांग शेकडो, हजारोंची होते. मग तिची गाठ दुसऱ्या धावत्या रांगेशी पडते आणि दोन्हींचा डाव संपतो. त्यानंतर त्या रांगेतल्या कोणाचाही हात मोकळा नाही. ती रांग कायमची झाली. याला चेन-ग्रोथ म्हणतात. पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरिन, पीव्हीसी या घरातली.

पातळ पिशव्यांत वापरले जाणारे एलडीपीई घ्या. इथिलीन वायू हवेच्या दाबाच्या दीड ते तीन हजार पट दाबाखाली, 150 ते 300 अंशांवर ठेवतात आणि त्यात किंचित पेरॉक्साइड सोडतात. पेरॉक्साइड तुटून जे मुक्तमूलक तयार होते, तोच आपला डाव. एका फेरीत इथिलीनपैकी जेमतेम 15 ते 35 टक्के भाग पॉलिमर होतो, उरलेला वायू परत फिरवला जातो. पण जे बनले ते पूर्ण लांबीचेच असते. 20 टक्के काम झालेल्या एलडीपीईमधून पिशवी फुगवता येते. 20 टक्के काम झालेल्या पेटमध्ये गटाची सरासरी लांबी सव्वा असते, म्हणजे बहुतेक मुले एकटीच उभी.

म्हणून चेन-ग्रोथमध्ये वेळ वाढवला तर साखळ्या लांब होत नाहीत, त्यांची संख्या वाढते. लांबी ठरवायची असेल तर डाव किती जणांना एकदम दिला, हे बघावे लागते. पेरॉक्साइड वाढवले की काम झपाट्याने होते, पण धावत्या रांगा लवकर एकमेकींवर आदळतात आणि सगळ्याच आखूड राहतात. वेग आणि लांबी यांत ओढाताण असते.

शाळा-महाविद्यालयांत अजूनही ‘पाणी बाहेर पडले तर संघनन, नाही पडले तर समावेशन’ अशी वर्गवारी घोकवली जाते. ही वर्गवारी माझ्या मते दिशाभूल करते. पॉलियुरेथेन बनताना काहीच बाहेर पडत नाही, तरी त्याच्या साखळ्या टप्प्याटप्प्यानेच वाढतात. काय बाहेर पडले यापेक्षा कोण कोणाला धरू शकते, हे पाहिले तर रेणुभाराबद्दल काही कळते.

चेन-ग्रोथमध्ये पसारा किती?

धावत्या रांगेपुढे प्रत्येक क्षणी दोनच शक्यता असतात : आणखी एक जोडणे किंवा थांबणे. ही शक्यता कायम तेवढीच राहिली, तर इथेही गुणोत्तर दोन येते. दोन रांगा आदळून एकमेकींना जोडल्या गेल्या तर दीड. कागदावर हे पेटइतकेच नेटके दिसते.

पण शक्यता कायम राहत नाही. रिअ‍ॅक्टरच्या एका टोकाला तापमान वेगळे, दुसऱ्याला वेगळे. सुरुवातीला पेरॉक्साइड जास्त, मग कमी. प्रत्येक परिस्थितीत बनलेल्या साखळ्या आपली लांबी घेऊन गोठतात आणि शेवटी सगळ्यांची एकच खिचडी होते. शिवाय एलडीपीईमध्ये धावता डाव कधी कधी आधी बनून पडलेल्या साखळीच्या मधल्याच कडीला लागतो आणि तिथून नवी फांदी फुटते. साखळी जितकी मोठी तितकी ती वाटेत येण्याची शक्यता जास्त, म्हणजे मोठ्या आणखी मोठ्या होतात. परिणामी एलडीपीईचे गुणोत्तर पाच-दहा सहज असते, काही प्रकारांत त्याहून बरेच जास्त.

हा पसारा दोषच असतो असे नाही. आखूड साखळ्यांमुळे वितळलेले प्लास्टिक सहज वाहते, लांब साखळ्यांमुळे फुगवलेला फुगा फाटत नाही. निळ्या पट्ट्यांचे जे काळे पाइप पाणीपुरवठ्यासाठी रस्त्याकडेला पडलेले दिसतात, त्यांतल्या वरच्या प्रतीच्या पॉलिइथिलीनमध्ये हे मुद्दाम घडवतात. एका रिअ‍ॅक्टरमध्ये हायड्रोजन सोडून आखूड साखळ्या बनवायच्या, दुसऱ्यात तो जवळजवळ वगळून खूप लांब बनवायच्या. आलेख काढला तर उंटाच्या पाठीसारखी दोन उंचवटे दिसतात. आखूड साखळ्या कडकपणा देतात, लांब साखळ्या भेग पुढे सरकू देत नाहीत.

पेटमध्ये दोन उंचवटे का जमत नाहीत?

हीच युक्ती पेटमध्ये करून पाहिली, लांब आणि आखूड साखळ्यांचे पेट मिसळून 280 अंशांवर काही वेळ ढवळले, तर उंचवटे विरघळून एकच होतो आणि गुणोत्तर पुन्हा दोनकडे येते. कारण पेटमधले जोड त्या तापमानाला उघडतात आणि बदलतात. एका साखळीचे टोक दुसरीच्या मधल्या जोडाला भिडते, तिचा एक तुकडा स्वतःला लावून घेते आणि दुसरा सोडून देते. जोडांची एकूण संख्या तेवढीच राहते, वाटणी मात्र नव्याने होते. पॉलिइथिलीनची साखळी जन्माचा इतिहास सांभाळून ठेवते, पेटची साखळी तो प्रत्येक वेळी वितळताना विसरते. पुनर्प्रक्रियेत पेटचा घात आणि बचाव या एकाच गुणामुळे होतो.

घात कसा होतो?

पाण्याने. साध्या हवेत पडून राहिलेल्या पेटच्या चिप्समध्ये 0.2 टक्क्याच्या आसपास ओलावा सहज असतो. 24 किलो पेट घ्या. त्यातल्या साखळ्यांचा रेणुभार 24 हजार, म्हणजे त्यात रसायनशास्त्राच्या हिशेबाने बरोबर एक मोल साखळ्या. ओलावा 48 ग्रॅम. पाण्याचा रेणुभार 18, म्हणून पाणी 2.67 मोल. प्रत्येक साखळीमागे पाण्याचे अडीचहून जास्त रेणू झाले आणि एक रेणू एक जोड तोडतो. सगळे पाणी कामाला लागले तर प्रत्येक साखळीचे सरासरी 3.67 तुकडे होतील आणि रेणुभार साडेसहा हजारांवर येईल. वितळवणाऱ्या यंत्रात यासाठी काही मिनिटे पुरतात.

मग बाटलीत पाणी भरल्यावर ती का तुटत नाही? नेहमीच्या तापमानाला ही क्रिया इतकी मंद आहे की बाटलीच्या आयुष्यात तिचा परिणाम जाणवत नाही. वितळलेल्या अवस्थेत ती झपाट्याने होते.

म्हणून साच्यात घालण्याआधी चिप्स 160-170 अंशांच्या कोरड्या हवेत चार-सहा तास सुकवतात आणि ओलावा दहा लाखांत 50 भागांच्या खाली आणतात. वरचाच हिशेब पुन्हा केला तर तेव्हा पाणी 1.2 ग्रॅम उरते आणि साधारण पंधरा साखळ्यांमागे एकच तुटते. रेणुभार 22,500 च्या आसपास राहतो. सुकवणी नीट झाली नाही, हे यंत्रावर काम करणाऱ्याला लगेच कळते : वितळलेला पदार्थ पाण्यासारखा पातळ पडतो, आणि नळीसारखा कच्चा साचा, म्हणजे प्रीफॉर्म, फुगवताना तडकतो. प्रयोगशाळेत पेट द्रावकात विरघळवून त्या द्रावणाचा घट्टपणा मोजतात. त्या आकड्याला ‘आयव्ही’ म्हणतात. बाटलीला तो 0.76 ते 0.84 लागतो, कापडाच्या धाग्याला 0.62-0.64 पुरतो. जुन्या बाटल्यांचे टी-शर्ट आणि गालिचे होतात, त्यामागे हेही एक कारण आहे : साखळ्या थोड्या आखडल्या तरी धाग्याला चालते.

आणि बचाव?

पेटच्या साखळीची टोके कधीच मरत नाहीत. तुकड्यांचे हात पुन्हा मोकळे झालेले असतात. त्यामुळे धुतलेल्या पेटचे दाणे 200 ते 215 अंशांवर, म्हणजे वितळण्याच्या बरेच खाली, नायट्रोजनच्या झोतात किंवा निर्वातात दहा-पंधरा तास ठेवले, की घन अवस्थेतच टोके टोकांना जोडली जातात आणि सुटलेले पाणी व ग्लायकॉल निघून जाते. 0.6-0.7 वर आलेली आयव्ही पुन्हा 0.8 ला पोहोचते. नवे पेट बाटलीच्या दर्जाला नेतानाही हीच पायरी वापरतात. कॅरोथर्स यांचा शेवटचा टक्का इथे दुसऱ्यांदा वसूल केला जातो.

याला मर्यादा आहेत. वारंवार तापून आलेला पिवळेपणा यातून जात नाही. पेटमध्ये पीव्हीसीचा तुकडा गेला तर तो उष्णतेने हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतो आणि ते आम्ल साखळ्या तोडायला मदत करते. पीव्हीसीची घनता पेटच्या जवळपास असल्याने पाण्याच्या हौदात दोन्ही बुडतात आणि वेगळे होत नाहीत. बाटलीवरचे पीव्हीसीचे लेबल म्हणूनच पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना नकोसे वाटते.

पिशवीचे काय होते?

पॉलिइथिलीनला पाण्याचे भय नाही. त्याच्या साखळीत पाण्याने तुटेल असा जोडच नसतो. त्याला ऊन आणि उष्णता भोवते. त्यांनी साखळीवर कुठेही मुक्तमूलक तयार होते आणि मग साखळी कधी तुटते, कधी शेजारणीला चिकटते. पण तुटलेल्या टोकाला दुसरे टोक ओळखून धरणारा हात नसतो, आणि पुन्हा ‘डाव’ दिला तरी भोवती जोडायला मोकळी मुले, म्हणजे इथिलीन, नसतात. पेरॉक्साइड घालून साखळ्या जोडता येतात, पण त्या टोकाला टोक न जुळता मधेच कुठेही सांधल्या जातात. पातळ फिल्ममध्ये मग न वितळणाऱ्या बारीक गाठी दिसतात आणि फिल्म नेमकी तिथेच फाटते.

जुन्या पिशव्यांचे दाणे घेणारे कारखाने एक साधी चाचणी करतात. 190 अंशांवर, 2.16 किलो वजनाखाली, बारीक छिद्रातून दहा मिनिटांत किती ग्रॅम प्लास्टिक बाहेर येते ते तोलतात. मग हीच चाचणी दहापट वजनाने करतात. दोन आकड्यांचे गुणोत्तर जितके मोठे, तितका साखळ्यांच्या लांबीचा पसारा मोठा, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. आकडा हवा तसा नसेल तर साखळ्या दुरुस्त करायचा मार्ग नसतो. त्यात नवे पॉलिइथिलीन मिसळून सरासरी जमवायची किंवा जाड, काळ्या वस्तूसाठी तो माल वापरायचा. दुधाची पिशवी पुन्हा दुधाची पिशवी न होण्याला आत राहिलेले दुधाचे अंश, छपाईची शाई आणि अन्नसुरक्षेचे नियमही कारण आहेत. पण हे सगळे सुटले, तरी फुगवलेल्या पातळ फिल्मला लागणाऱ्या लांब साखळ्या नव्या दाण्यांतूनच आणाव्या लागतात.